मेलेल्या जंतूंनीही बीपी का पडतो?

प्रश्न: एक्झोटॉक्सिन जास्त विषारी आणि एंडोटॉक्सिन कमी विषारी, हा तक्ता पाठ आहे. पण मग आयसीयूत माणसं एंडोटॉक्सिनच्या शॉकने का जातात? आणि योग्य अँटिबायोटिक चालू केल्यावर, जंतू मरत असतानाही, कधी कधी बीपी आणखी का पडतो?

उत्तर:

गोम त्या तक्त्यातल्या 'विषारी' या एका शब्दात आहे. दोन्ही रकान्यांत तो एकाच अर्थाने छापलेला असतो आणि आपण तसाच पाठ करतो. एक्झोटॉक्सिन पेशीत शिरून स्वतः काहीतरी मोडतं. एंडोटॉक्सिन स्वतः जवळजवळ काहीच मोडत नाही. ते आपल्या पेशींना फक्त 'दिसतं', आणि ते दिसल्यावर आपल्याच पेशी जो गोंधळ घालतात त्याने माणूस शॉकमध्ये जातो. मी आयसीयूत काम करतो, त्यामुळे पुढचं बरंचसं रुग्णाच्या पलंगाशेजारी उभं राहून सांगितल्यासारखं होईल. पण आधी थोडं मागे जावं लागेल.

१८८८ मध्ये पॅरिसमध्ये रू आणि येरसँ यांनी घटसर्पाचे जंतू पातळ माध्यमात वाढवले आणि तो द्रव अतिशय बारीक छिद्रांच्या गाळणीतून गाळला. जंतू वर अडकले. खाली आलेल्या स्वच्छ द्रवात एकही जंतू नव्हता, तरी तो टोचलेले प्राणी घटसर्पासारखेच आजारी पडून मेले. म्हणजे जंतू विष बनवून बाहेर सोडतो. हे झालं एक्झोटॉक्सिन. आज आपल्याला माहीत आहे की घटसर्पाचं विष हे प्रथिन आहे. त्याचा एक भाग पेशीचं दार पकडतो, दुसरा आत शिरतो आणि प्रथिनं बनवण्याच्या यंत्रणेतला एक आवश्यक घटक निकामी करतो. हा दुसरा भाग एन्झाइम आहे, म्हणजे एक काम उरकलं की तोच रेणू पुढच्या कामाला लागतो. त्यामुळे पेशीत असा एक रेणू पोचला तरी ती मरते, हे १९७८ मध्ये प्रयोगाने दाखवलं गेलं. बोट्युलिनम किंवा धनुर्वाताचं विष शरीराच्या दर किलोला काही नॅनोग्रॅम इतक्या मात्रेत मारतं, त्यामागे हेच कारण आहे. प्रथिन असल्यामुळेच फॉर्मलिनने त्याचा विषारीपणा घालवून टॉक्सॉइड करता येतं आणि लस बनवता येते. तक्त्याच्या डाव्या रकान्यातल्या बहुतेक ओळी 'हे प्रथिन आहे' एवढ्या एका गोष्टीतून निघतात, म्हणून त्या वेगळ्या पाठ करायची गरज नाही.

एंडोटॉक्सिन हे नाव रिचर्ड फायफरचं. १८९२ मध्ये तो बर्लिनला कॉखच्या संस्थेत कॉलऱ्याच्या जंतूंवर काम करत होता. त्याने जंतू उष्णतेने मारले आणि ते मेलेले जंतू गिनीपिगना टोचले. प्रथिन-विष असतं तर उष्णतेने निकामी झालं असतं आणि जनावरं वाचली असती. ती मेली. फायफरने निष्कर्ष काढला की हे विष जंतूच्या अंगातच आहे, म्हणून 'एंडो'. नाव टिकलं, पण ते थोडं फसवं आहे, कारण हा पदार्थ जंतूच्या आत नसून त्याच्या सर्वांत बाहेरच्या आवरणात असतो. १८९२ मध्ये ते कळण्याचं साधन नव्हतं.

यातली गंमत अशी, की कॉलऱ्यात जुलाबाने माणसाचं पाणी काढतं ते हे विष नव्हेच. ते एक्झोटॉक्सिन आहे, आणि १९५९ मध्ये कोलकात्यात शंभूनाथ डे यांनी जंतूविरहित गाळलेल्या द्रवाने सशाच्या आतड्यात पाणी भरून दाखवलं तेव्हा ते पुढे आलं. एकाच जंतूकडे दोन्ही विषं आहेत. कॉलऱ्याचा जंतू आतड्याच्या पोकळीतच राहतो, रक्तात शिरत नाही, म्हणून त्याचं एंडोटॉक्सिन सहसा गप्प बसतं. फायफरने ते थेट पोटाच्या पोकळीत टोचलं, म्हणून ते बोललं. एंडोटॉक्सिनच्या बाबतीत ते किती आहे याच्याइतकंच ते कुठे आहे यालाही महत्त्व आहे. आपल्या प्रत्येकाच्या मोठ्या आतड्यात ते प्रचंड प्रमाणात असतं आणि आपण मजेत जगतो.

आता हा पदार्थ जवळून बघू. रसायनाच्या भाषेत तो लिपोपॉलिसॅकराइड, सगळे एलपीएस म्हणतात. ग्रॅम-निगेटिव्ह जंतूला दोन पडदे असतात आणि बाहेरच्या पडद्याचा बाहेरचा थर मुख्यतः एलपीएसने बनलेला असतो. एका ई. कोलाय जंतूवर त्याचे दहा लाखांच्या आसपास रेणू असतात. हा रेणू एखाद्या रोपासारखा डोळ्यांसमोर आणा. वर हवेत डोलणारी साखरेच्या कड्यांची लांब साखळी, तिला ओ-अँटिजेन म्हणतात. ती जातीजातीत वेगळी असते, म्हणून तिच्यावरून जंतूंचे गट पाडतात. मध्ये साखरेचाच आखूड खोडासारखा भाग. आणि पडद्यात रुतलेली मुळं, म्हणजे लिपिड ए. ई. कोलायमध्ये लिपिड एला दोन फॉस्फेट आणि सहा मेदाम्लांच्या शेपट्या असतात. सगळा दंगा या मुळांमुळे होतो. वरची साखर छाटून टाकली तरी ताप येतो, आणि प्रयोगशाळेत जंतूशिवाय बनवलेला शुद्ध लिपिड एसुद्धा तेच करतो.

हा मेद-साखरेचा रेणू असल्यामुळे उष्णतेला दाद देत नाही. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर १५ मिनिटांत जंतू मरतात, एलपीएस मात्र राहतं. काचेच्या बाटल्यांवरून ते घालवायला साधारण २५० अंशांची कोरडी उष्णता अर्धा तास द्यावी लागते. मी शिकत होतो तेव्हा एका डायलिसिस विभागात एकाच सकाळी तीन रुग्णांना मशीनवर घेतल्यापासून तासाभरात हुडहुडी भरली. तिघांची ब्लड कल्चर निर्जंतुक आली. दोष पाण्याच्या टाकीत निघाला. टाकी औषध टाकून नीट निर्जंतुक केली होती, पण मेलेल्या जंतूंची साल धुऊन काढायची राहिली होती. 'निर्जंतुक' आणि 'एंडोटॉक्सिनमुक्त' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी त्या दिवशी शिकलो. शिरेतून द्यायच्या औषधांची एंडोटॉक्सिनसाठी वेगळी तपासणी होते ती याचमुळे.

पण आपल्या पेशींना हे दिसतं कसं? रक्तात एलबीपी नावाचं एक प्रथिन फिरत असतं. ते जंतूच्या सालीतून एलपीएसचा एकेक रेणू उचलतं आणि मोनोसाइट किंवा मॅक्रोफेज पेशीवरच्या सीडी१४ या प्रथिनाच्या हाती देतं. सीडी१४ तो एमडी-२ नावाच्या प्रथिनाच्या खोबणीत सरकवतं, आणि हे एमडी-२ टीएलआर-४ या ग्राहीला चिकटलेलं असतं. खोबणीत सहापैकी पाच शेपट्या बसतात. सहावी बाहेर राहते, आणि ती शेजारच्या दुसऱ्या टीएलआर-४ ला चिकटते. दोन ग्राही अशा रीतीने एकत्र बांधले गेले की आत भोंगा वाजतो. एका शेपटीचा हा खेळ मला नेहमी थक्क करतो. प्लेगचा जंतू ३७ अंशांवर, म्हणजे माणसाच्या अंगात, सहाऐवजी चारच शेपट्यांचं लिपिड ए बनवतो. पिसवेच्या थंड शरीरात असताना तो सहा शेपट्यांचंही बनवतो. चार शेपट्या खोबणीत मावतात, बांधायला बाहेर काही उरत नाही, आणि जंतू वाढत असताना सुरुवातीला शरीराला जाग येत नाही.

एंडोटॉक्सिन स्वतः मारत नाही याचा सर्वांत स्वच्छ पुरावा उंदरांकडून मिळाला. सी३एच/एचईजे नावाच्या वंशाच्या उंदरांना एरवी प्राणघातक ठरणारी एलपीएसची मात्रा दिली तरी ते खात-पीत राहतात. १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलरच्या गटाने दाखवलं की त्यांच्या टीएलआर-४ मध्ये फक्त एक अमिनो आम्ल बदललेलं आहे. या शोधासाठी बॉयटलरला २०११ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. त्याच्या आधीच एक सुंदर प्रयोग झालेला होता: या उंदरांना साध्या उंदरांचा अस्थिमज्जा दिला की ते एलपीएसने मरायला लागतात. हृदय, मूत्रपिंड, रक्तवाहिन्या त्यांच्या स्वतःच्याच, फक्त रक्तपेशी उसन्या. म्हणजे मारेकरी उसन्या पांढऱ्या पेशी होत्या. मात्र या बहिऱ्या उंदरांना भाग्यवान समजू नका. जिवंत साल्मोनेलाचा संसर्ग झाला की ते साध्या उंदरांपेक्षा लवकर मरतात, कारण भोंगाच बंद असल्यामुळे जंतू वाढले तरी कोणी धावत येत नाही. हे लक्षात ठेवा, शेवटी औषधांबद्दल बोलताना उपयोगी पडेल.

आता तुमच्या तक्त्यातल्या 'कमी विषारी'कडे येऊ. तो आकडा मुख्यतः उंदरांवरून आला आहे. उंदराला मारायला दर किलोला काही मिलिग्रॅम एलपीएस लागतं, आणि ते बोट्युलिनमच्या नॅनोग्रॅमशेजारी अर्थातच क्षुल्लक विष वाटतं. माणूस मात्र एलपीएसच्या बाबतीत फार हळवा प्राणी आहे. निरोगी स्वयंसेवकांना संशोधनासाठी दर किलोला फक्त २ ते ४ नॅनोग्रॅम देतात, आणि तेवढ्यावर तासाभरात थंडी वाजते, अंग दुखतं, तीन-चार तासांत ताप शिगेला पोचतो. १९९३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात एका प्रयोगशाळा कर्मचाऱ्याची हकिगत छापून आली. आपल्या गाठीवर उपचार म्हणून त्याने स्वतःला शिरेतून १ मिलिग्रॅम शुद्ध साल्मोनेला एंडोटॉक्सिन टोचून घेतलं होतं. वजन ७० किलो धरलं तर हे दर किलोला १४,००० नॅनोग्रॅम होतात. त्याला पुरा सेप्टिक शॉक झाला, एकामागून एक अवयव बिघडले, आणि आयसीयूतल्या उपचारांनी तो वाचला. अंगात एकही जिवंत जंतू नव्हता.

भोंगा वाजल्यावर मोनोसाइट पेशी टीएनएफ, इंटरल्युकिन-१ आणि इंटरल्युकिन-६ ही संदेशवाहक प्रथिनं ओततात. स्वयंसेवकांमध्ये टीएनएफ साधारण दीड तासात शिगेला जाऊन पुढच्या काही तासांत खाली येतं. एखाद्या गळवाच्या जागी हे सगळं झालं तर उत्तम. तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, भिंती सैल होऊन पांढऱ्या पेशी बाहेर पडतात, बारीक वाहिन्यांत गुठळ्या होऊन जंतू कोंडले जातात. आपण त्याला लालसरपणा, सूज आणि गरमपणा म्हणतो. सेप्टिक शॉक म्हणजे हीच तिन्ही कामं, पण एका बोटभर जागेऐवजी संपूर्ण शरीरात एकदम सुरू झालेली. शॉकमध्ये शरीर नवं काहीच शोधून काढत नाही.

हे एका रुग्णावर बघू. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. अठ्ठावन्न वर्षांच्या बाई, वजन ६० किलो, मधुमेह, दोन दिवस डाव्या कुशीत दुखणं आणि लघवीला जळजळ. पहाटे दात वाजतील अशी हुडहुडी भरली आणि त्या बडबडायला लागल्या. आमच्याकडे आल्या तेव्हा नाडी १२४, श्वास मिनिटाला २८, बीपी ८४/४०, आणि हात गरम.

हे गरम हात नवख्या डॉक्टरला फसवतात. शॉक म्हटलं की थंडगार, घामेजलेला रुग्ण डोळ्यांसमोर येतो, पण तो रक्तस्रावाचा किंवा हृदयविकाराचा शॉक. इथे टीएनएफ आणि मंडळींनी रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशींना नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एक खास एन्झाइम तयार करायला लावलेलं असतं. एरवी नायट्रिक ऑक्साइड थेंबाथेंबाने बनतं. हे एन्झाइम मात्र एकदा बनलं की तासन्‌तास नळ उघडाच ठेवतं. स्नायू सैल पडतात, वाहिन्या रुंदावतात, आणि शरीराचं स्वतःचं ॲड्रेनलिन ओरडून सांगत असलं तरी त्या आकसत नाहीत. बीपीच्या खालच्या आकड्याकडे बघा: ४०. वाहिन्यांचा ताण गेला की हा आकडा आधी घसरतो. सरासरी दाब काढायचा तर खालच्या आकड्यात दोन्हींतल्या फरकाचा तिसरा भाग मिळवायचा: फरक ४४, त्याचा तिसरा भाग १५ च्या आसपास, म्हणजे सरासरी ५५. मूत्रपिंड आणि मेंदूला निदान ६५ लागतो असं धरून आपण चालतो.

तपासण्यांत लॅक्टेट ४.२, पांढऱ्या पेशी ३,२००, प्लेटलेट ९२,०००, क्रिएटिनिन २.४. एवढा संसर्ग आणि पांढऱ्या पेशी कमी कशा, असं आमच्या निवासी डॉक्टरने विचारलं. प्रश्न रास्त होता. त्या संपलेल्या नसतात. एलपीएस आणि टीएनएफने चिथावलेल्या न्यूट्रोफिल पेशी बारीक वाहिन्यांच्या भिंतींना, विशेषतः फुप्फुसात, चिकटून बसतात आणि नमुन्याच्या नळीत येत नाहीत. माझ्या मते अशा रुग्णात ३,२०० हा आकडा २२,००० पेक्षा जास्त काळजीचा. प्लेटलेट घटणं ही तिसऱ्या कामाची, म्हणजे गुठळ्यांची, निशाणी. चिथावलेले मोनोसाइट आपल्या पृष्ठभागावर टिश्यू फॅक्टर मांडतात, रक्त जागोजागी गोठायला लागतं, आणि गुठळ्या विरघळवणारी व्यवस्था त्याच वेळी दाबली जाते. प्लेटलेट आणि गोठण्याचे घटक तिकडे खर्ची पडतात, म्हणून पुढे सुई टोचलेल्या जागेतून रक्त झिरपतं. त्याच वेळी बारीक वाहिन्या बुजलेल्या आणि त्याच वेळी रक्तस्राव, असा उफराटा प्रकार.

आम्ही दोन्ही हातांतून ब्लड कल्चर घेतलं, पहिल्या तासाच्या आत अँटिबायोटिक दिलं आणि दर किलोला ३० मिली या हिशेबाने १,८०० मिली सलाईन सोडलं. बीपी झाला ८८/४२. जवळजवळ दोन लिटर पाणी गेलं आणि सरासरी फक्त ५७ वर आली. रुंदावलेल्या वाहिन्यांत थोडं मावलं, आणि बरंचसं सैल पडलेल्या भिंतींतून बाहेर झिरपलं. इथे 'अजून एक बाटली' असा मोह होतो, आणि त्या झिरपलेल्या पाण्याने दुसऱ्या दिवशी फुप्फुसं भरतात. वाहिन्यांचा ताण गेलाय तर ताणच परत द्यायला हवा, म्हणून नॉरॲड्रेनलिन सुरू केलं, दर किलोला मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅम. सरासरी ६६ वर आली. पुरेसं सलाईन देऊनही दाब ६५ वर राखायला असं औषध लागणं आणि लॅक्टेट २ च्या वर असणं, या दोन गोष्टी एकत्र आल्या की २०१६ च्या व्याख्येनुसार त्याला सेप्टिक शॉक म्हणायचं. बाई त्यात बसत होत्या.

सीटी स्कॅनमध्ये डाव्या मूत्रवाहिनीत खडा अडकलेला आणि वरचं मूत्रपिंड फुगलेलं दिसलं. बंद बाटलीत पू. युरॉलॉजिस्टने नळी टाकली आणि दाबाखालची घट्ट, गढूळ लघवी बाहेर आली. आणि इथे तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग घडला. नळी टाकून पन्नास मिनिटांनी पुन्हा जोराची हुडहुडी, ताप १०३ अंश, सरासरी दाब ४८. नॉरॲड्रेनलिन ०.१ वरून ०.४५ वर न्यावं लागलं, सोबत व्हेसोप्रेसिन मिनिटाला ०.०३ युनिट आणि हायड्रोकॉर्टिसोन सुरू केलं. नातेवाईक विचारत होते, "पू काढला, औषध चालू केलं, मग आजार वाढला कसा?"

ती पन्नास मिनिटं स्वयंसेवकांच्या प्रयोगाशी ताडून बघा. शिरेत एलपीएस गेल्यापासून तासाभरात थंडी. नळी सरकवताना त्या दाबाखालच्या मूत्रपिंडातून जंतूंचा आणि सालीच्या तुकड्यांचा एक लोट रक्तात ढकलला गेला होता, आणि घड्याळ तिथून सुरू झालं. अँटिबायोटिकचाही हातभार असतो. जिवंत जंतू आपली साल बऱ्यापैकी धरून असतो. औषधाने तो फुटला की साल सुटते, लिपिड ए उघडा पडतो आणि एलबीपीच्या हाती लागतो. प्रयोगशाळेत असंही दिसलं आहे की जंतूला आधी लांब धाग्यासारखा वाढवून मग फोडणारी काही औषधं, त्याला चटकन गोल करून मारणाऱ्या औषधांपेक्षा जास्त एलपीएस सोडतात. पण यावरून रुग्णासाठी औषध निवडण्याइतका फरक उपचारांत कधी सिद्ध झालेला नाही.

आता यातून चुकीचा धडा घ्यायचा नाही. 'जंतू मारल्याने एलपीएस सुटतं, तर हळू मारू' हा हिशेब उलटा आहे. न मारलेला जंतू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतो, आणि तो वाढतानाही सालीचे फुगे सोडतच असतो. आज सुटणारा साठा ठरलेला आहे, उद्याचा किती असेल याला मर्यादा नाही. ही घसरण तात्पुरती आहे हे ओळखता मात्र आलं पाहिजे. ती औषधानंतर किंवा पू काढल्यानंतर पहिल्या काही तासांत येते, सहा-आठ तासांत थांबते, आणि मग नॉरॲड्रेनलिनची गरज उतरू लागते. बारा तासांनंतरही मात्रा चढतीच असेल आणि लॅक्टेट उतरत नसेल तर 'एंडोटॉक्सिन सुटतंय' म्हणून स्वस्थ बसू नका. नळी बुजली आहे का, जंतू त्या औषधाला जुमानत नाही का, दुसरीकडे पू आहे का, हे शोधायला लागा.

मग एलपीएसच बांधून टाकणारं औषध का नाही? हा विचार तुमच्या आधी अनेकांनी केला आहे. लिपिड एवरच्या प्रतिपिंडांचे प्रयोग झाले, ते टिकले नाहीत. एरिटोरान नावाचा रेणू तर फार हुशारीने बनवला होता. तो एमडी-२ च्या खोबणीत चार शेपट्यांनी घट्ट बसतो आणि खऱ्या लिपिड एला जागा ठेवत नाही, प्लेगच्या जंतूचीच युक्ती. सुमारे दोन हजार रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल २०१३ मध्ये आला: मृत्यूंमध्ये फरक नाही. एलपीएसला धरून ठेवणारं पॉलिमिक्सिन बसवलेल्या नळीतून रक्त फिरवून एलपीएस गाळायची चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, तिचाही एकूण निकाल तसाच.

मला यामागे दोन कारणं दिसतात. एक वेळेचं. टीएनएफ दीड तासात शिगेला जातं आणि आमच्याकडे रुग्ण पहिल्या हुडहुडीनंतर बरेच तास उलटल्यावर येतो. भोंगा वाजून गेलेला असतो, माणसं धावत सुटलेली असतात, आता भोंग्याची वायर कापून काय उपयोग? दुसरं कारण ते बहिरे उंदीर. एलपीएसची पहिली लाट ओसरली की पांढऱ्या पेशी बऱ्याच काळ मंद पडतात. दुसऱ्यांदा एलपीएस दिलं तर टीएनएफ फारसं येत नाही. आयसीयूत पाचव्या-सातव्या दिवशी रुग्ण नव्या संसर्गाने जातो, तेव्हा अडचण भोंगा मोठा असण्याची नसते, तो वाजतच नसतो. अशा वेळी त्याला आणखी दाबून हाती काही लागत नाही. शिवाय पेशीच्या आत शिरलेलं एलपीएस पकडणारी, टीएलआर-४ ला वळसा घालून जाणारी दुसरीही एक यंत्रणा आहे. ती पेशीला फोडूनच टाकते, आणि एरिटोरान तिला हात लावत नाही.

जाता जाता तक्त्याच्या आणखी एका कोपऱ्याबद्दल. एंडोटॉक्सिनने सेप्टिक शॉक होतो, पण सेप्टिक शॉक म्हणजे एंडोटॉक्सिनच, असं हे समीकरण उलट्या बाजूने चालत नाही. ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतूंकडे एलपीएस नसतं, तरी त्यांच्या भिंतीचे तुकडे शेजारच्या टीएलआर-२ ला चेतवून तोच शेवट गाठतात. आणि स्टॅफिलोकॉकसचं टॉक्सिक शॉकचं विष हे अस्सल एक्झोटॉक्सिन असूनही वागतं एंडोटॉक्सिनसारखं. ते काही मोडत नाही. ते टी-पेशी आणि शेजारची पेशी यांना चुकीच्या जागी चिकटवून एकदम खूप मोठ्या संख्येने टी-पेशी उठवतं. तिथे क्लिंडामायसिन जोडतात, कारण ते औषध जंतूला प्रथिनच बनवू देत नाही, म्हणजे विषाचा कारखाना बंद. एलपीएसच्या बाबतीत ही युक्ती चालत नाही. माल आधीच बनून जंतूच्या अंगावर चढलेला असतो.

बाईंच्या ब्लड कल्चरची बाटली तेराव्या तासाला वाजली: ग्रॅम-निगेटिव्ह काड्या, दुसऱ्या दिवशी ई. कोलाय म्हणून नक्की झालं, दिलेलं औषध लागू होतं. नॉरॲड्रेनलिन नळी टाकल्यापासून सातव्या तासाला उतरायला लागलं आणि छत्तिसाव्या तासाला बंद झालं. प्लेटलेट आणखी दोन दिवस घसरत ५१,००० वर गेल्या आणि मग वर आल्या, क्रिएटिनिनला दहा दिवस लागले. खडा सहा आठवड्यांनी काढला, लघवी निर्जंतुक झाल्याची खात्री करून आणि आधी अँटिबायोटिक देऊन, कारण त्या मूत्रपिंडात पुन्हा दाब तयार करायची आमच्यापैकी कोणाचीच तयारी नव्हती.